विश्लेषण : टाकीतील बुळबुळीत थर क्लोरीनलाही का दाद देत नाही? जिवाणूंचा 'कोरम' म्हणजे काय?

वसई-विरारमध्ये सूर्या, उसगाव आणि पेल्हार या धरणांतून येणारे पाणी शुद्धीकरण आणि क्लोरिनेशन होऊन निघते. मात्र नळाला ते ठराविक वेळेतच येते. त्यामुळे बहुतेक इमारतींत ते आधी जमिनीखालच्या टाकीत आणि मग गच्चीवरील टाकीत साठवले जाते. उन्हाळ्यात त्यात टँकरच्या पाण्याची भर पडते. टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवले की बुळबुळीत थर हाताला लागतो. हा नुसता गाळ नसतो, तर त्यात जिवाणूंची वस्ती असते. तिला 'बायोफिल्म' म्हणतात.

बायोफिल्म कशी तयार होते?

स्वच्छ भिंत पाण्यात बुडाली की पाण्यातील सेंद्रिय कणांचा अतिशय पातळ लेप तिच्यावर बसतो. तरंगणारे काही जिवाणू त्याला चिकटतात. सुरुवातीला ही पकड सैल असते आणि अनेक जिवाणू पुन्हा निघून जातात. जे टिकतात ते विभाजित होतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात. हा पदार्थ शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिने आणि मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए यांचा असतो. बोटाला जे बुळबुळीत लागते ते मुख्यतः हेच. पुढे या थरातले काही जिवाणू सुटतात आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे वस्ती करतात.

यात 'कोरम'चा संबंध कुठे?

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुरेसे सदस्य आले की कोरम पूर्ण होतो आणि ठराव मांडता येतात. अनेक जिवाणूंमध्ये असेच काहीसे घडते. तिथे हजेरीपट मात्र नसतो, रेणू असतो. प्रत्येक पेशी सतत थोडा संकेतरेणू बाहेर सोडत असते. पेशी विरळ असतील तर तो पाण्यात विरून जातो. दाटी झाली की त्याचे प्रमाण वाढते आणि तो पुन्हा पेशीत शिरून एका ग्राहक प्रथिनाला चिकटतो. मग एकाच वेळी अनेक जनुके सुरू होतात. त्यात संकेतरेणू तयार करणारे जनुकही असते. त्यामुळे रेणू आणखी वाढतो आणि वस्तीचे वागणे हळूहळू नव्हे, तर एकदम बदलते. यालाच 'क्वोरम सेन्सिंग' म्हणतात.

हा शोध समुद्रातील प्रकाश देणाऱ्या 'व्हिब्रिओ फिशेरी' या जिवाणूवरून लागला. 1970 मध्ये केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वुडलंड हेस्टिंग्ज यांनी दाखवले की हे जिवाणू वाढू लागले तरी सुरुवातीला प्रकाशाचे विकर बनवत नाहीत. त्यांनीच द्रवात सोडलेला पदार्थ पुरेसा साठला की ते बनू लागते. 'क्वोरम सेन्सिंग' हा शब्द 1994 मध्ये आला.

बायोफिल्मवर त्याचा काय परिणाम होतो?

1998 मधील एक प्रयोग यासाठी महत्त्वाचा ठरला. 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' हा पाण्यात, मातीत आणि रुग्णांच्या जखमांत सापडणारा जिवाणू आहे. संशोधकांनी त्याचे संकेतरेणू बनवणारे एक जनुक निकामी केले. मूळ जिवाणूंनी काचेवर जाड, उंचसखल ढिगांची वस्ती केली होती. संकेत न देणारे जिवाणूही काचेला चिकटले, पण त्यांचा थर सपाट राहिला आणि साबणासारख्या रसायनाने सुटून गेला. मग संशोधकांनी तो संकेतरेणू बाहेरून घातला आणि थर पुन्हा जाड व चिवट झाला. म्हणजे जिवाणूंची संख्या तर होतीच, उणीव होती ती संदेशाची.

सगळेच जिवाणू असे वागत नाहीत. कॉलऱ्याच्या जिवाणूत उलट घडते. संख्या कमी असताना तो थर बनवतो आणि दाटी झाली की संकेत मिळून थर सोडून बाहेर पडतो. त्यामुळे 'क्वोरम सेन्सिंग थांबवले की बायोफिल्म संपली' असे सरसकट म्हणता येत नाही.

साठलेल्या पाण्याचा यात काय वाटा?

संकेतरेणू पाण्यातून पसरतो, त्यामुळे पाणी वाहते आहे की थांबले आहे यावर बरेच अवलंबून असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील 2016 च्या अभ्यासात दिसले की वाहते पाणी संकेतरेणू धुऊन नेते आणि कोरमचा संदेश दाबला जातो. मात्र खाचा-कोपऱ्यांतल्या पेशींना पाण्याचा ओघ लागत नाही आणि तिथे संदेश साठतो. टाकीचे तळाचे कोपरे, पाइपचे सांधे, न वापरली जाणारी तोटी ही अशीच ठिकाणे असतात.

खंडित पुरवठ्याचा त्रास वेगळा असतो. पाणी बंद असताना जलवाहिनी रिकामी होते आणि पुन्हा सुरू झाले की लोंढ्याने भिंतीवरचा थर सुटतो. हुबळी-धारवाडमधील अभ्यासात पाणी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतील पाणी अधिक गढूळ व अधिक दूषित आढळले होते.

क्लोरीन मग काम का करत नाही?

तरंगत्या जिवाणूंना क्लोरीन झटपट मारते. थरात शिरताना मात्र ते बाहेरच्या चिकट पदार्थाशीच अभिक्रिया करून खर्च होते आणि आतपर्यंत फार थोडे पोहोचते. खोलवरच्या पेशी मंद गतीने वाढतात, त्यामुळे त्या तग धरतात. टाकीत थर असेल तर पाण्यातले क्लोरीन भिंतच खाते.

हे घरी कसे ओळखायचे?

भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन असावे. रंग बदलणाऱ्या चाचणी किटने ते मोजता येते. एक नमुना टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आणि दुसरा घरातील तोटीचा घ्यावा. समजा, टाकीत येताना 0.3 आहे आणि तोटीला शून्य. क्लोरीन आपोआपही कमी होते, म्हणून टाकी भरल्यावर काही तासांतच मोजावे. इतक्या लवकर शून्य येत असेल तर थर किंवा गाळावर संशय घ्यावा. एक मर्यादाही लक्षात ठेवावी. प्रयोगशाळेत नेलेला पाण्याचा नमुना तरंगते जिवाणू दाखवतो, भिंतीवरचे नाही. त्यामुळे अहवाल 'योग्य' आला तरी थर असू शकतो.

टाकी धुताना काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी टाकी रिकामी करून भिंती व कोपरे ब्रशने घासावेत आणि गाळ बाहेर काढावा. थर तसाच ठेवून ब्लीचिंग पावडर टाकली तर ती थरावरच खर्च होते. घासल्यानंतर 1000 लिटर पाण्यामागे 25 टक्के क्लोरीन असलेली सुमारे 200 ग्रॅम पावडर लागते. त्यातून 50 मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन मिळते. 5000 लिटरच्या टाकीला म्हणजे एक किलो. पावडर आधी बादलीत कालवून निवळ टाकीत घालावी. टाकी भरून हे पाणी शक्यतो रात्रभर ठेवावे, काही पाणी पाइपमधूनही सोडावे आणि मग सगळे फेकून द्यावे. ते पिऊ नये.

पावडर जुनी किंवा ओलसर असेल तर तिचा जोर कमी झालेला असतो. ती अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरू नये. झाकण आधीच उघडून हवा खेळती ठेवावी आणि एक माणूस बाहेर उभा असावा. टाकी कितीही स्वच्छ केली तरी ओल्या भिंतीवर नवे जिवाणू काही तासांतच बसू लागतात. म्हणून क्लोरीनची मोजणी धुण्यानंतरही अधूनमधून करत राहावी लागते.