*वायरला नंबर, पेटीत नकाशा: ऑटोमेशन दुसऱ्या वायरमनलाही समजलं पाहिजे*



ठिबकाला ऑटोमेशन बसवताना कंपनीचा माणूस येतो, दोन दिवसांत वायरी ओढतो, व्हॉल्व्ह उघडून-मिटून दाखवतो आणि जातो. कोणती वायर कुठे गेली ते त्याच्या डोक्यात असतं. दोन-तीन वर्षांनी एक प्लॉट भिजेनासा होतो. तोवर तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. गावातला वायरमन पेटी उघडतो, तर आत एकाच रंगाच्या आठ-दहा वायरी. मग एक-एक सोडून बघणं सुरू होतं, आणि त्यात चालू असलेलंही बिघडतं. दोन वायरींची अदलाबदल झाली तर एका प्लॉटचं खत दुसऱ्याच प्लॉटला जातं, आणि ते आठवडाभर कळतही नाही.

हे टाळायला अर्धा दिवस, एक साधा मल्टीमीटर आणि थोडं सामान पुरतं. आज तेवढंच पाहू.

*आपलं उदाहरण*

समजा चार एकर द्राक्षबाग आहे. मोटरघरात कंट्रोलर, बागेत सहा व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्हवर २४ व्होल्ट एसीची सोलेनॉइड कॉईल. मोटरघरापासून ५० मीटरवर पहिली व्हॉल्व्ह पेटी, १२० मीटरवर दुसरी, २०० मीटरवर तिसरी, आणि प्रत्येकीत दोन व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्हला कंट्रोलरकडून एक स्वतंत्र वायर येते. परतीची वायर मात्र सहाही व्हॉल्व्हना मिळून एकच, तिला कॉमन म्हणतात. म्हणजे बागेत एकूण सात वायरी. शिवाय कंट्रोलरपासून मोटरच्या स्टार्टरला जाणाऱ्या दोन.

(बॅटरीवर चालणारे कंट्रोलर आणि दोनच वायरींवर सगळे व्हॉल्व्ह चालवणारी डिकोडर पद्धत वेगळी असते. नंबर आणि नकाशा त्यांनाही हवाच, पण खाली दिलेली मीटरची पद्धत त्यांना लागू नाही.)

⚠️ *आधी हे वाचा*

व्हॉल्व्हच्या वायरीत २४ व्होल्ट असतात. स्टार्टरच्या पेटीत मात्र थ्री फेजचे ४१५ व्होल्ट असतात. कंट्रोलर बंद केला म्हणजे स्टार्टरकडच्या वायरी मेल्या असं नाही. त्यांना लाईट स्टार्टरमधून येते, कंट्रोलरमधून नाही. म्हणून कामाआधी दोन्हींचे मेन स्विच बंद करा. स्टार्टरच्या पेटीला हात वायरमनच लावेल, तुम्ही फक्त व्हॉल्व्हच्या बाजूचं काम करा.

*नंबर कसे द्यायचे*

रंगावर भरवसा ठेवू नका. केबल कमी पडली की मध्ये दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडला जातो. "विहिरीकडचा", "वरचा प्लॉट" ही नावं घरच्यांना कळतात, नव्या माणसाला नाही. म्हणून फक्त आकडे वापरा:

▪️ व्हॉल्व्हच्या वायरी: १ ते ६
▪️ कॉमन: २०
▪️ मोटर स्टार्टरकडे जाणाऱ्या: ३१ आणि ३२

नियम एकच. नंबर वायरचा असतो, स्क्रूचा नाही. वायर ५ ही कंट्रोलरपाशी ५, मध्ये जिथे जॉइंट असेल तिथेही दोन्ही बाजूंना ५, आणि व्हॉल्व्हपाशीही ५. उद्या कंट्रोलर बदलला, नव्या कंट्रोलरवरचे स्क्रू वेगळ्या क्रमाने असले, तरी वायरचा नंबर बदलत नाही.

कंट्रोलरच्या पेटीत आकडे छापलेल्या प्लास्टिकच्या छोट्या नळ्या वापरा. इलेक्ट्रिकच्या दुकानात त्यांना फेरूल म्हणतात. त्यांवर आकडे इंग्रजी असतात, त्याने काही अडत नाही. वायरच्या जाडीप्रमाणे माप घ्या आणि वायर स्क्रूत बसवण्याआधीच नळी वायरवर सरकवा, नंतर ती घालता येत नाही. मास्किंग टेपवर पेनने लिहिलेलं वर्षभरात गळून पडतं. मार्करची शाई उन्हाने उडते.

बागेतल्या व्हॉल्व्ह पेटीत पाणी, चिखल, मुंग्या सगळंच असतं. तिथे थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापा, कडा दुमडून घ्या, बॉलपेन दाबून आकडा कोरा आणि केबल टायने वायरच्या प्लास्टिक असलेल्या भागावर बांधा. शाई गेली तरी कोरलेला आकडा बोटाने लागतो.

*जुन्या वायरी ओळखायच्या कशा*

पेटी उघडली की पहिल्यांदा मोबाईलवर जवळून तीन-चार फोटो काढा. कोणती वायर कोणत्या स्क्रूत होती हे फोटोत स्पष्ट दिसू द्या. मग बागेकडच्या सातही वायरी सोडा आणि मल्टीमीटर ओहमवर लावा.

आता दोन-दोन वायरींत मोजत जा. काही जोड्यांत साधारण ३० ते ३५ ओहम दिसतील, बाकीच्यांत त्याच्या जवळजवळ दुप्पट, ६० च्या पुढे. असं का? कॉमन आणि कोणतीही व्हॉल्व्हची वायर यांच्यामध्ये एकच कॉईल असते. दोन व्हॉल्व्हच्या वायरींमध्ये मात्र करंट एका कॉईलमधून कॉमनला येतो आणि दुसऱ्या कॉईलमधून परत जातो, म्हणजे दोन कॉईल. त्यामुळे *जी वायर बाकी सगळ्यांशी कमी ओहम दाखवते, ती कॉमन.* तिला २० ची नळी घाला. तुमच्या कॉईलचा आकडा ३० पेक्षा कमी-जास्त असू शकतो, पण हा एकास-दोनचा हिशेब तोच राहतो.

आता एक जण बागेत, एक पेटीपाशी, दोघांच्या हातात मोबाईल. बागेतला माणूस व्हॉल्व्ह १ च्या कॉईलची एक वायर सोडतो. पेटीपाशी कॉमन आणि बाकीच्या प्रत्येक वायरीत मोजा. ज्या वायरीवर आता ओहम येत नाहीत, मीटरवर `OL` किंवा नुसता `1` दिसतो, ती वायर १. दोन्ही टोकांना नंबर घाला, जॉइंट परत जोडा, पुढच्या व्हॉल्व्हकडे जा. परत जोडताना आत जेल भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर वापरा. नुसती पिळून टेप मारलेली वायर ओलीत टिकत नाही.

*नकाशाची तीन पानं*

चित्र सुंदर नसलं तरी चालेल. वहीचं पान आणि स्केलपट्टी पुरे.

*पान १: शेत.* मोटरघर, तिन्ही व्हॉल्व्ह पेट्या, केबल गेलेली वाट आणि मधला प्रत्येक जॉइंट. अंतर हलणार नाही अशा वस्तूपासून मोजा: मोटरघराचा कोपरा, विहिरीचा कठडा. "आंब्याजवळ" लिहू नका, आंबा तोडला जातो. केबल किती फूट खोल आहे तेही लिहा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला सांगता येईल. नवीन चर खणली असेल तर बुजवण्याआधी टेप शेजारी ठेवून फोटो काढा.

*पान २: जोडणी.* प्रत्येक वायरला एक ओळ: नंबर, कुठून, कुठे, रंग, जाडी. उदाहरणार्थ: "५, कंट्रोलर स्टेशन ५ पासून तिसरी पेटी, डावा व्हॉल्व्ह. लाल, दुसऱ्या पेटीत जॉइंट, पुढे काळी. १.५ चौरस मिमी." ३१ आणि ३२ समोर लाल पेनने लिहा: "स्टार्टरमधून लाईट, कंट्रोलर बंद असला तरी." ऑटो स्विच असेल तर हेही लिहा: "लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते." पुढच्या वायरमनचा जीव या दोन ओळींवर असतो.

*पान ३: चांगल्या दिवसाचे आकडे.* सगळं नीट चालू असताना कॉमन आणि प्रत्येक वायर यांच्यातले ओहम तारखेसह लिहा. आपल्या बागेत ते असे:

▪️ १ आणि २: ३१
▪️ ३ आणि ४: ३३
▪️ ५ आणि ६: ३५

लांबच्या व्हॉल्व्हला आकडा थोडा जास्त येतो, कारण वायरचाही रोध असतो. १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण १२ ओहम. २०० मीटर जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे जवळपास ५.

*बिघाड झाला तर*

दोन वर्षांनी व्हॉल्व्ह ५ उघडेना. नवीन वायरमन आला. त्याने पेटीत वायर ५ आणि २० मध्ये मोजलं: `OL`. म्हणजे कुठेतरी तुटलंय. मग वायर ६ मोजली: ३५, पान ३ वर आहे तितकीच. ६ ही त्याच तिसऱ्या पेटीत जाते, म्हणजे कॉमन तिथपर्यंत शाबूत आहे. (दोन्ही `OL` आले असते, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीच्या मध्ये कॉमनवर पहिला संशय.) तिसऱ्या पेटीत जाऊन नुसती कॉईल मोजली: ३०, चांगली. राहिली फक्त वायर ५. पान २ सांगतं की तिला दुसऱ्या पेटीत जॉइंट आहे. तो उघडला, तर तांबं हिरवं पडून तुटलेलं. नवीन कनेक्टर लावला, काम झालं. नकाशा नसता तर २०० मीटर चर उकरायची वेळ आली असती.

आकडा पूर्वीपेक्षा बराच वाढलेला दिसला, ३५ चा ५० झाला, तर जॉइंट खराब होतोय, व्हॉल्व्ह बंद पडायच्या आत दुरुस्त करा. आकडा ४-५ ओहमवर उतरला तर वायर किंवा कॉईल शॉर्ट आहे. ती वायर कंट्रोलरला परत जोडू नका, फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जाईल.

*नकाशा ठेवायचा कुठे*

एक प्रत लॅमिनेट करून पेटीच्या दाराला आतून. दुसरी ७/१२ आणि ठिबक अनुदानाच्या फाइलमध्ये. तिसरी, फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर. पेटीतल्या प्रतीसोबत एक पेन बांधून ठेवा. वायर बदलली, जॉइंट वाढला, तर वायरमन पेटी बंद करायच्या आत नकाशावर खोडून नवीन लिहील आणि तारीख टाकेल. त्याचे पैसे त्यानंतरच द्या. कारण जुना, चुकीचा नकाशा कोऱ्या पानापेक्षा जास्त फसवतो.

नवीन ऑटोमेशन घेत असाल तर ही तिन्ही पानं आणि दोन्ही टोकांचे नंबर कोटेशनमध्येच लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता ती हातात आल्यावर द्या.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, तांत्रिक सल्ला 🌱