अंदाज बरोबर, तरी खातं रिकामं

शंभर सौद्यांपैकी पंचावन्न सौद्यांत ज्याचा अंदाज खरा ठरतो, तो माणूस बाजारात चांगलाच जाणकार म्हणायला हवा. पुढच्या काही मिनिटांत निफ्टी वर जाईल की खाली, हे इतक्या वेळा ओळखणं फार थोड्यांना जमतं. पण तो ऑप्शन्समध्ये रोज चार-पाच छोटे सौदे करत असेल, तर महिनाअखेरीस तोट्यात असण्याचीच शक्यता जास्त. अंदाज चुकतो म्हणून लोक बुडतात असा सर्वसाधारण समज आहे आणि पुष्कळांच्या बाबतीत तो खराही आहे. पण अंदाज बरोबर येऊनही पैसे जातात, ही गोष्ट फारशी कुणी आकडे मांडून सांगत नाही. ती इथे मांडायची आहे.

आधी एकूण चित्र पाहू. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे आणि ऑप्शन्समधल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता. तो खर्च धरून माणशी सरासरी सुमारे दोन लाख रुपये होता. सगळा खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त कमावणारे लोक जेमतेम एक टक्का निघाले. त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या तीन वर्षांत वैयक्तिक गुंतवणूकदारांनी नुसत्या व्यवहारखर्चापोटी सुमारे पन्नास हजार कोटी रुपये मोजले. त्यातला निम्मा भाग दलालीचा होता. सौदा जिंको वा हरो, हे पैसे द्यावेच लागतात.

आता एक सौदा उघडून बघू. २०२५ सालचे दर घेऊ. तेव्हा निफ्टीचा एक लॉट ७५ चा होता. समजा, सांगलीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने ५० हजार रुपये बाजूला काढून ऑप्शन्सचे सौदे सुरू केले. त्याने निफ्टीचा एक कॉल १०० रुपये प्रीमियमने घेतला. ७५ गुणिले १००, म्हणजे साडेसात हजार रुपये गुंतले. थोड्या वेळाने भाव तिथेच असताना त्याने तो १०० लाच विकला. नफा नाही, तोटा नाही, असं त्याला वाटेल.

पण खर्च लागलेला आहे. बहुतेक सवलतीच्या दलालांकडे प्रत्येक ऑर्डरला २० रुपये दलाली असते, म्हणजे घेताना २० आणि विकताना २०. विक्रीच्या प्रीमियमवर ०.१ टक्का रोखे व्यवहार कर, ज्याला सगळे एसटीटी म्हणतात, तो साडेसात रुपये. हा दर आधी ०.०६२५ टक्के होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो वाढला. दोन्ही बाजूंच्या प्रीमियमवर एक्स्चेंजचा आकार सव्वापाच रुपयांच्या आसपास. दलाली आणि एक्स्चेंजच्या आकारावर १८ टक्के जीएसटी, तो आठ रुपयांच्या वर. मुद्रांक शुल्क आणि सेबीचं शुल्क मिळून पंचवीस पैसे. सगळी बेरीज ६१ रुपये होते.

याशिवाय एक खर्च कुठल्याच बिलात छापलेला नसतो. पडद्यावर कुठल्याही क्षणी दोन भाव असतात, एक घेणाऱ्याचा आणि एक विकणाऱ्याचा. समजा घेणारा ९९.७५ द्यायला तयार आहे आणि विकणारा १००.२५ मागतो आहे. घाईने मार्केट ऑर्डर टाकणाऱ्याला खरेदी १००.२५ ला पडते आणि विक्री ९९.७५ ला होते. भाव तसूभर हलला नाही तरी प्रत्येक युनिटमागे अर्धा रुपया, म्हणजे लॉटमागे साडेसदतीस रुपये गेले. निफ्टीच्या चालत्या स्ट्राइकमध्ये शांत वेळी ही फट याहून कमी असते. पण एखादी बातमी फुटते आणि सगळे एकदम धावतात, तेव्हा ती झपाट्याने रुंदावते, आणि नवशिक्या माणूस नेमका त्याच वेळी ऑर्डर टाकतो. आपल्या उदाहरणात अर्धा रुपयाच धरू. म्हणजे एका येण्याजाण्याचा पूर्ण खर्च ९९ रुपये झाला.

साडेसात हजारांवर ९९ रुपये हे सव्वा टक्क्याच्या थोडं वर आहे. एकदाच घेऊन दोन-चार वर्षं ठेवायच्या शेअरवर एवढा खर्च झाला असता, तर मी त्यावर लिहिलंही नसतं. पण हा तरुण दिवसाला चार सौदे करतो. महिन्यात वीस दिवस बाजार धरला तर ८० सौदे झाले आणि खर्च ७,९२० रुपये. त्याच्या पन्नास हजारांच्या भांडवलाच्या जवळजवळ सोळा टक्के. नफ्याचा पहिला रुपया दिसण्याआधी त्याला दर महिन्याला सोळा टक्के कमवावे लागतील. याच वेगाने वर्षभर सौदे केले, तर ९६० सौद्यांचा खर्च ९५ हजारांवर जातो. भांडवल तर पन्नास हजारच होतं. म्हणजे तो मध्येच घरातून आणखी पैसे आणतो, पुष्कळदा कर्ज काढून, किंवा त्याचं खातं त्याआधीच संपतं.

आता त्याच्या हुशारीला पूर्ण वाव देऊ. त्याचा नियम असा आहे : प्रीमियम दहा रुपये वर गेला की नफा घेऊन बाहेर पडायचं, दहा रुपये खाली आला की स्टॉप लॉसला बाहेर पडायचं. चालू भावाजवळच्या स्ट्राइकचा प्रीमियम निफ्टीच्या साधारण निम्म्याने हलतो. म्हणून दहा रुपयांसाठी निफ्टी वीसेक अंक हलला तरी पुरतो, आणि एवढी हालचाल काही मिनिटांतही होते. प्रत्येक सौद्यात कागदावर ७५० रुपये मिळतात किंवा जातात. खर्च धरला की जिंकलेल्या सौद्यात हाती ६५१ येतात आणि हरलेल्या सौद्यात ८४९ जातात.

तो ५५ टक्के वेळा बरोबर येतो असं धरू. ८० पैकी ४४ सौदे जिंकला, ३६ हरला. आठ सौद्यांच्या आघाडीचे सहा हजार रुपये कागदावर दिसतात. खर्च मात्र ७,९२० आहे. महिनाअखेर त्याचा १,९२० रुपयांचा तोटा आहे. बरोबरीत राहण्यासाठीच त्याला साधारण ५७ टक्के वेळा जिंकावं लागेल. आणि भीतीपोटी त्याने दहाऐवजी पाच रुपयांवरच नफा आणि तोटा बांधायचं ठरवलं, तर हा उंबरठा ६३ टक्क्यांवर जातो, कारण खर्च तेवढाच राहतो आणि मिळकत निम्मी होते. छोटं लक्ष्य सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात सौदा जितका छोटा, तितका खर्चाचा वाटा मोठा.

याच तरुणाने हेच कौशल्य वापरून दिवसाला एकच सौदा केला आणि चाळीस रुपयांचा नफा किंवा तोटा बांधला असता तर? वीसपैकी ११ जिंकले, ९ हरले. कागदावर पुन्हा तेच सहा हजार. पण खर्च १,९८० रुपये, म्हणजे हातात चार हजारांहून थोडे अधिक उरले असते. अंदाजाची ताकद दोन्हीकडे सारखी होती, फरक फक्त संख्येचा होता. हे उदाहरण मी सौदे करायचा सल्ला म्हणून देत नाही. चाळीस रुपयांची हालचाल ५५ टक्के वेळा ओळखणं दहा रुपयांच्या हालचालीपेक्षा सोपं मुळीच नाही, आणि तितका वेळ ऑप्शन हातात ठेवला की दुसरा खर्च सुरू होतो, तो काळाचा.

निफ्टी २५,००० वर आहे आणि २५,००० चा कॉल १०० रुपयांना घेतला, असं समजा. एक्स्पायरीच्या दिवशी निफ्टी ६० अंकांनी वर बंद झाला. दिशा अगदी बरोबर होती. तरी कॉलची किंमत ६० रुपयेच उरते आणि लॉटमागे तीन हजार जातात. आठवड्याच्या ऑप्शनमध्ये शेवटच्या एक-दोन दिवसांत प्रीमियम सगळ्यात वेगाने झिजतो. तेव्हाच तो स्वस्त दिसतो, म्हणून कमी भांडवलाची माणसं तेव्हाच तो विकत घेतात.

वायद्यांत काळाची ही झीज जाणवत नाही, पण तिथे कर संपूर्ण सौद्याच्या किमतीवर लागतो. २५,००० वरच्या निफ्टीचा ७५ चा लॉट पावणेएकोणीस लाखांचा होतो. २०२५ च्या दरांनी त्याच्या एका येण्याजाण्याला सुमारे ५४० रुपये पडत, म्हणजे निफ्टीचे सात अंक.

समोर कोण बसलं आहे, हेही पाहायला हवं. वायदे-ऑप्शन्सच्या बाजारात खर्चाआधी एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटा असतो. कंपनी वाढली, लाभांश आला, असा बाहेरून येणारा पैसा इथे नाही. सेबीच्या हिशेबाप्रमाणे २०२३-२४ मध्ये मोठ्या संस्थांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये खर्चाआधी कमावले. वैयक्तिक आणि इतर लोकांनी ६१ हजार कोटींहून जास्त गमावले. संस्थांच्या या नफ्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग संगणकीय प्रणालींनी केलेल्या सौद्यांतून आला होता. वर सांगितलेली अर्ध्या रुपयाची फट सांगलीच्या तरुणाला खर्च म्हणून पडते, आणि दोन्ही भाव सतत लावून बसलेल्या प्रणालीला तीच फट मिळकत म्हणून मिळते.

माझा राग खरा आहे तो मोबाइलच्या पडद्यावर. सौदा बंद होताच हिरव्या अक्षरांत दिसणारा नफा बहुधा खर्च वजा न केलेला असतो. दिवसभर हिरवं बघून झोपी गेलेल्या माणसाला महिन्याने खात्यातली शिल्लक कमी का झाली ते कळत नाही, आणि तो दोष आपल्या अंदाजाला देतो. मग भरून काढायला लॉट वाढवतो, सौदे वाढवतो. दोन वर्षं सलग तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक तरीही सौदे करत राहिले, असं सेबीला आढळलं.

खरा हिशेब मिळतो तो दलालाकडून सौद्याच्या दिवशीच ई-मेलवर येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये. तिथे दलाली, एसटीटी, एक्स्चेंजचा आकार, जीएसटी, मुद्रांक शुल्क वेगवेगळे लिहिलेले असतात. तीन महिन्यांच्या नोटा काढून एका बाजूला फक्त सौद्यांचा नफा-तोटा मांडावा आणि दुसऱ्या बाजूला या सगळ्या आकारांची बेरीज. पहिला आकडा नफ्याचा आणि खर्च वजा जाता तोट्याचा निघाला, तर सौद्यांची संख्या हेच कारण आहे आणि ती कमी केली की फरक पडेल. पहिलाच आकडा तोट्याचा असेल, तर सौदे कमी केल्याने पैसे फक्त सावकाश जातील. तेव्हा खात्यातला फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभागच बंद करून घेता येतो. तशी विनंती बहुतेक दलालांच्या अ‍ॅपवर किंवा त्यांना ई-मेल पाठवून करता येते.