दोन सभागृहं, एक भाषण आणि अडीच गुण

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर सुटला की केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं: "त्या अमक्याचं तू काय केलंस?" असाच एक संवाद, एक मित्र साताऱ्याचा आणि दुसरा परभणीचा. प्रश्न राज्यघटनेवरचा. राज्य विधिमंडळाच्या दोन सभागृहांत साधारण विधेयकावरून मतभेद झाले तर काय होतं? विधानं दोन होती. (अ) विधान परिषद विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने अडवून धरू शकते. (ब) कोंडी फोडण्यासाठी राज्यपाल दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावतात. योग्य कोणतं?

"दोन्ही बरोबर," सातारकर म्हणाला.

"फक्त अ. ब कसं काय लावलंस तू?"

"अरे, संयुक्त बैठक असते की! अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी राज्यपाल दोन्ही सभागृहांसमोर बोलतात. टीव्हीवर दाखवतात."

चूक नेमकी इथेच सापडली. त्याला जे आठवत होतं, त्यातला तुकडान् तुकडा खरा होता. कलम १७६नुसार सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणि दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राज्यपाल अभिभाषण करतात. जिथे विधान परिषद आहे, तिथे दोन्ही सभागृहांचे सदस्य त्यासाठी एकत्र बसतात. मुंबईत ते विधानभवनाच्या मध्यवर्ती सभागृहात होतं. पण त्या वेळी कुठलंही विधेयक मताला टाकलं जात नाही. राज्यपाल बोलतात, सदस्य ऐकतात (किंवा घोषणा देतात), बस्स.

दुसरा तुकडा दिल्लीचा. संसदेत साधारण विधेयकावरून कोंडी झाली, तर कलम १०८नुसार राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिच्या अध्यक्षस्थानी लोकसभेचे अध्यक्ष असतात आणि निर्णय एकत्रित मतदानाने होतो. विधेयकांसाठी अशा बैठका आजवर तीनदाच झाल्या. १९६१ साली हुंडाबंदी विधेयकासाठी, १९७८ साली बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासाठी आणि २००२ साली दहशतवाद प्रतिबंधक विधेयकासाठी, म्हणजेच 'पोटा'साठी. ही यादी अभ्यासिकेत सगळ्यांना तोंडपाठ असते. सातारकराने दिल्लीची तरतूद आणि मुंबईचं दृश्य एकत्र शिवलं, आणि ब हे विधान त्याला ओळखीचं वाटलं.

राज्यात मात्र ही सोयच नाही. कलम १९७ कोंडी वेगळ्या रीतीने फोडतं. समजा, विधानसभेने एक विधेयक मंजूर केलं आणि ते १० डिसेंबरला परिषदेच्या पटलावर ठेवलं गेलं. परिषदेने ते फेटाळलं, विधानसभेला न पटणाऱ्या दुरुस्त्या केल्या, किंवा नुसतंच ठेवून घेतलं आणि तीन महिने उलटले, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करून परिषदेकडे धाडते. या दुसऱ्या खेपेला परिषदेच्या हाती फक्त एक महिना उरतो. त्यानंतर परिषदेचं मत काहीही असो, विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं असं मानलं जातं. परिषद फार तर चार महिने उशीर लावू शकते, विधेयक पाडू शकत नाही. धन विधेयकाच्या बाबतीत तर तिला चौदाच दिवस मिळतात.

असं का, याचं कारण परिषदेच्या घडणीत आहे. महाराष्ट्रात विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य. परिषदेतले काही आमदार निवडून देतात, काही स्थानिक स्वराज्य संस्था, काही पदवीधर आणि शिक्षक, तर काही राज्यपाल नेमतात. थेट मतदारांनी निवडलेल्या सभागृहाचा शब्द अखेरचा ठरावा, असा हा हिशेब आहे.

एका प्रश्नाला दोन गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याचा पाव हिस्सा वजा, म्हणजे अर्धा गुण. बरोबर उत्तराशी तुलना केली, तर सातारकराचे अडीच गुण गेले. प्रश्न पूर्ण अनोळखी असता तर त्याने तो सोडला असता. ओळखीचा वाटला म्हणूनच गोळा भरला.

परभणीकर तोवर खुशीत होता. त्याने सॅकमधून लक्ष्मीकांत काढलं, संसद आणि राज्य विधिमंडळ यांची तुलना करणारा तक्ता मित्रापुढे धरला आणि मोठ्याने वाचू लागला. पण एका ओळीवर त्याचीच जीभ अडखळली. विधेयक आधी परिषदेत मांडलं गेलं आणि विधानसभेने फेटाळलं, तर दुसरी खेप नाहीच, विधेयक तिथेच संपतं. त्याला वाटत होतं, महिना-तीन महिन्यांचा तो नियम उलट दिशेनेही चालतो.

"म्हणजे प्रश्न उलटा विचारला असता तर?" सातारकराने विचारलं.

"तर माझेही अडीच गेले असते."

चहावाल्याला पैसे देऊन दोघं पुढच्या प्रश्नाकडे वळले. तो पंचायत राजचा होता आणि त्यावर दोघांचीही उत्तरं वेगळी होती.