पिवळा दिवा: लुकलुकणारा आणि पेटून राहणारा

डॅशबोर्डवर एबीएसच्या दिव्याच्या शेजारी आणखी एक पिवळा दिवा असतो. गाडीची मागून दिसणारी आकृती आणि तिच्या चाकांखाली नागमोडी दोन रेषा, असं त्याचं चित्र. पावसाळ्यात हा दिवा दोन प्रकारे भेटतो. कधी ओल्या वळणावर किंवा चढावर दोन-तीन वेळा लुकलुकतो आणि विझतो. कधी पेटतो तो पेटूनच राहतो, गाडी सरळ सपाट रस्त्यावर आली तरी. बहुतेक चालक पहिल्या प्रकाराला घाबरतात आणि दुसऱ्याची सवय करून घेतात. खरं तर हे उलट व्हायला हवं. लुकलुकणारा दिवा रस्त्याबद्दल बोलत असतो, पेटून राहिलेला दिवा गाडीबद्दल. गोंधळ होतो त्यात चालकाचा दोष मात्र थोडाच आहे. त्याच डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा असतो आणि त्याची रीत नेमकी उलटी आहे. तो स्थिर पेटला तर सवडीने गॅरेज गाठता येतं. लुकलुकू लागला तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकतं, म्हणून लगेच वेग कमी करावा लागतो. एकाच काचेमागच्या दोन दिव्यांनी विरुद्ध नियम पाळावेत, ही मांडणी चालकाला सोपी नाही. म्हणूनच कोणत्या चित्राचा दिवा आहे हे आधी पाहायचं आणि मगच त्याच्या वागण्याचा अर्थ लावायचा.

लुकलुकणं म्हणजे नेमकं काय, हे एका वळणावरून पाहू. समजा घाटातलं वळण ४० मीटर त्रिज्येचं आहे आणि पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक त्यात ताशी ५० किलोमीटरने शिरते. या वेगाने ते वळण घ्यायचं तर टायरना गाडीच्या वजनाच्या जवळजवळ निम्म्याइतका जोर आडव्या दिशेने रस्त्यावर लावावा लागतो. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरना हे सहज जमतं. ओल्या डांबरावर, त्यातही पहिल्या पावसात तेल आणि धूळ वर आलेली असताना, पकडीची मर्यादाच याच्या आसपास येऊन ठेपते. आता गाडीतल्या संगणकाकडे दोन आकडे असतात. स्टीअरिंग किती फिरवलंय आणि वेग किती आहे, यांवरून तो ठरवतो की गाडीने सेकंदाला साधारण २० अंश वळायला हवं. आणि गाडीच्या मध्यभागी बसवलेला सेन्सर सांगतो की ती प्रत्यक्षात किती वळतेय. हा आकडा १५ आला, तर पुढची चाकं घसरून गाडी वळणाच्या बाहेर निघाली आहे. मग संगणक इंजिनचा जोर कमी करतो आणि आतल्या बाजूच्या मागच्या एकट्या चाकाला ब्रेक लावतो. ते चाक धरून ठेवल्यामुळे गाडीचं तोंड वळणाच्या आत ओढलं जातं. उलट शेपूट बाहेर जाऊ लागली, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो. ही तपासणी सेकंदाला सुमारे २५ वेळा चालते. पायाखाली पेडल दाबलेलं नसतानाही बॉनेटमधून घर्र असा आवाज येतो तो ब्रेकचा दाब तयार करणाऱ्या पंपाचा, आणि दिवा लुकलुकतो तो एवढ्यापुरताच.

चढावर निघताना लुकलुकणं याहून साधं असतं. एक चाक झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर किंवा पुलाच्या लोखंडी जोडावर असतं, ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला जातो आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा वेगाने फिरू लागतं. मग इंजिनचा जोर तोडला जातो, फिरत्या चाकाला थोडा ब्रेक लागतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. गाडी क्षणभर रेंगाळल्यासारखी वाटते. पाय हलका केला की प्रकरण मिटतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की घसरण आवरणारी ही यंत्रणा सांभाळून घेतेच आहे, तर दिवा लुकलुकला म्हणून काळजी कशाला? काळजी यासाठी की ही यंत्रणा पकड निर्माण करत नाही. जी पकड शिल्लक आहे ती चारही चाकांत शहाणपणाने वाटणं, एवढंच तिच्या हातात आहे. वरच्याच वळणावर वेग ताशी ६० असेल, तर आडवा जोर वजनाच्या सुमारे सत्तर टक्के लागतो. ओल्या रस्त्याकडे तो नसेल तर कोणत्या चाकाला किती ब्रेक लावायचा हा हिशोबच निरर्थक ठरतो. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागले आणि स्टीअरिंग अचानक हलकं झालं, तर तिथे तर धरायलाच काही नसतं. उलट ५० वरून ४० वर आलात तर वेग पाचव्या हिश्शानेच कमी होतो, पण लागणारा आडवा जोर तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. लुकलुकणाऱ्या दिव्याला द्यायचं उत्तर हेच आहे: त्या रस्त्यावर, त्या पावसात, पुढची सगळी वळणं दहा किलोमीटर कमी वेगाने. गॅरेजची गरज नाही. मात्र कोरड्या सरळ रस्त्यावर, हलक्या पायाने गाडी चालवतानाही दिवा वारंवार लुकलुकत असेल, तर तो रस्त्याबद्दल बोलत नाही. एखादा टायर घासलेला आहे, चारपैकी एकाचं माप वेगळं आहे किंवा एका चाकाचा सेन्सर चुकीचा वेग सांगतो आहे. आधी टायरच्या खाचा पाहाव्यात: खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरची खूण आहेत, आणि टायर त्यांच्या पातळीला आला असेल तर तो बदलायलाच हवा.

आता पेटून राहणारा दिवा. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद पेटतो आणि विझतो, ही त्याची स्वतःची चाचणी असते. तेव्हा तो अजिबात पेटला नाही तर तीही शंकेची गोष्ट आहे. पण इंजिन सुरू होऊन गाडी निघाल्यावरही तो पेटलेला असेल, तर संगणकाने स्वतःहून बाजूला होण्याचा निर्णय घेतला आहे. हा निर्णय योग्यच असतो. ज्या यंत्रणेला चालकाला न विचारता एकट्या चाकाला ब्रेक लावायचा अधिकार आहे, तिला मिळणारा एखादा आकडा खोटा असेल, तर ती भलत्या वेळी भलतं चाक धरेल. म्हणून शंका आली की ती काम थांबवते. त्याच पिवळ्या चित्राखाली OFF ही अक्षरं असतील, तर मात्र कोणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केलेली असते. चिखलात रुतलेली गाडी काढताना ते योग्यही असतं, कारण तिथे चाकं थोडी फिरावीच लागतात. बाहेर आल्यावर बटण पुन्हा दाबायचं.

दुसरा आक्षेप इथला आहे, आणि गॅरेजमध्ये तो सर्रास ऐकायला मिळतो: ब्रेक तर लागतात ना, मग चालू द्या. ब्रेक लागतात हे खरं आहे. पायाने दाबायचे साधे ब्रेक या यंत्रणेवर अवलंबून नसतात. पण ब्रेकचं हेच युनिट चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोयही सांभाळतं, त्यामुळे घाटात थांबून निघताना ती नसल्याचं अचानक कळतं. शिवाय चाकांचा वेग मोजणारे सेन्सर एबीएसशी सामाईक असतात, म्हणून अनेकदा एबीएसचा दिवाही सोबत पेटतो, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ शकतात. आणि त्या दोघांबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटणारी सोयही गेलेली असू शकते किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. तिथे गाडी बाजूला घेऊन थांबणं एवढाच पर्याय उरतो. एकटा पिवळा दिवा पेटला असेल तर गाडी चालते, पण जी गोष्ट गेली आहे तिची उणीव रोजच्या चालवण्यात जाणवत नाही. ती जाणवते फक्त गाडी घसरताना. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ही यंत्रणा १९९५ साली पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आणली. त्यानंतर अमेरिकेतल्या रस्ते-सुरक्षेच्या अभ्यासांत असं आढळलं की ती असलेल्या गाड्यांचे, दुसऱ्या वाहनाशी संबंध नसलेले प्राणघातक अपघात जवळपास निम्म्याने कमी होतात. पेटून राहिलेल्या दिव्याने घालवलेलं संरक्षण या मापाचं आहे.

सगळ्यात फसवा प्रकार मात्र या दोन्हींच्या मधला आहे, आणि तो खास पावसाळी आहे. दिवा फक्त पावसात पेटतो, पेटूनच राहतो, आणि दोन दिवस ऊन पडलं की नाहीसा होतो. रस्ता ओला होता म्हणून पेटला, असं मानून चालक त्याला लुकलुकण्याच्या खात्यात टाकतो. ती चूक आहे. रस्त्यामुळे पेटलेला दिवा घसरण थांबल्यावर काही क्षणांत विझतो. मैलभर टिकणारा दिवा वायरींमुळे पेटलेला असतो. चाकाच्या मागे, चिखल आणि पाणी थेट उडतं अशा जागी वेग मोजणारा सेन्सर असतो. स्टीअरिंग फिरेल तशी त्याची वायर वळते. वर्षानुवर्षांनी आवरणाला चीर पडते किंवा कनेक्टरचं रबर सैल होतं. पाणी शिरलं की सिग्नल तुटतो, वाळलं की परत येतो. पण संगणकाच्या स्मृतीत नोंद राहते. स्कॅनर लावला की डाव्या पुढच्या चाकासाठी C0035 असा एखादा कोड दिसतो. तेवढ्यावर सेन्सर बदलून टाकणं घाईचं ठरेल, कारण कोड वायर, कनेक्टर आणि सेन्सर यांत फरक सांगत नाही. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र उघडून गाडी सरळ रस्त्यावर ताशी २० ने चालवायची. तीन आकडे २० दाखवत असताना चौथा शून्यावर पडत असेल किंवा उड्या मारत असेल, तर चाक सापडलं. मग गाडी उभी करून त्या चाकाची वायर हाताने हलवायची, कनेक्टर उघडून आत हिरवट गंज आहे का पाहायचं आणि त्यावर थोडं पाणी मारून गाडी पुन्हा चालवत आकडा बघायचा.

वायर चांगली निघाली तर नजर बेअरिंगकडे वळवावी. हल्लीच्या अनेक गाड्यांत सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो ती चुंबकीय पट्टी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवरच असते, आणि बेअरिंग उलटं बसवलं गेलं तर चाक छान फिरतं पण सेन्सरला काहीच दिसत नाही. नुकतंच व्हील अलाइनमेंट केलं असेल किंवा बॅटरी काढली असेल आणि त्याच दिवसापासून दिवा पेटला असेल, तर बहुधा स्टीअरिंगच्या सेन्सरला आपलं शून्य कुठे आहे ते पुन्हा शिकवावं लागतं. काही गाड्यांत स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून थोडं अंतर चालवल्यावर ते आपोआप होतं, काहींत स्कॅनरच लागतो. इंजिनचा दिवाही सोबत असेल तर आधी इंजिन दुरुस्त करायचं, कारण इंजिनचा जोर कमी करता येत नसेल तर ही यंत्रणाही बंद पडते. आणि दुरुस्तीनंतर गाडी उभी असताना दिवा पेटलेला दिसला तर लगेच पुन्हा उघडायला घेऊ नये. अनेक गाड्यांत चारही चाकांचे सिग्नल चालत्या गाडीत तपासल्याशिवाय तो विझत नाही, म्हणून गॅरेजबाहेर थोडी चक्कर मारूनच निकाल ठरवावा.