भेटीचे वेष्टन आणि त्यावरचे चार शब्द

धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतच्या दिवसांत भंडारा शहरातील भेटवस्तूंच्या दुकानांत दोन गोष्टींची मागणी एकदम वाढते. वस्तू छान कागदात गुंडाळून द्या, आणि सोबत नाव घालून दोन ओळींचे संदेशपत्र द्या. झाडीपट्टीत हा काळ भाऊबीजेला संपत नाही. त्यानंतर गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई, पाहुणे येतात आणि खरेदीची दुसरी लाट सुरू होते. अशा वेळी गल्ल्याजवळ एक पाटी लागते, “आकर्षक गिफ्ट रॅपिंग व पर्सनलाइज्ड कार्ड, अत्यल्प दरात!” पाटी वाचून ग्राहक होकार देतो. मात्र त्याला नेमके काय मिळणार, किती पैशांत आणि केव्हा, यांपैकी काहीच त्या पाटीवरून कळत नाही. सणाच्या आठवड्यात दुकानात होणारे बरेचसे वाद याच ओळीतून जन्म घेतात.

चांगला मजकूर लिहिण्याची सुरुवात शब्दांपासून होत नाही, ती कागद मोजण्यापासून होते. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव, म्हणून पितळेचेच उदाहरण घेऊ. समजा, सुटी करून ठेवलेली एक लहान समई ३० सें.मी. लांब, २० सें.मी. रुंद आणि १० सें.मी. उंच अशा खोक्यात आहे. खोक्याभोवती कागदाचा एक वेढा घालायचा तर रुंदी आणि उंचीची बेरीज दुप्पट करावी लागते. ते ६० सें.मी. होतात, आणि कडा एकमेकींवर चढवण्यासाठी आणखी ३ सें.मी. लागतात. दोन्ही टोके दुमडण्यासाठी उंचीच्या पाऊणपट, म्हणजे साडेसात सें.मी. कागद प्रत्येक बाजूला हवा. म्हणून दुसऱ्या दिशेने ४५ सें.मी. पुरतात. ५० गुणिले ७० सें.मी.च्या एका तावात हे खोके नीट बसते. फीत उभी-आडवी बांधली तर १४० सें.मी. आणि वरच्या फुलासाठी सुमारे ६० सें.मी., अशी एकूण दोन मीटर लागते.

आता खोके ४० गुणिले ३० गुणिले १५ सें.मी.चे असेल, तर वेढ्यालाच ९३ सें.मी. हवेत. एक ताव पुरत नाही, दोन जोडावे लागतात आणि श्रमही वाढतात. म्हणूनच “रॅपिंग अमुक रुपयांपासून” असे लिहिणे दुकानदाराच्याच अंगलट येते. ग्राहक सर्वांत मोठे खोके घेऊन येतो आणि पाटीवरचा आकडा दाखवतो. त्याऐवजी आकारानुसार दोन दर लिहावेत. एका तावात बसणाऱ्या खोक्याला एक दर, दोन ताव लागणाऱ्याला दुसरा. नमुन्याचे एक खोके पाटीजवळ ठेवले, तर माप सांगण्याची गरजही उरत नाही.

वस्तूच्या स्वभावाचाही विचार हवा. पितळेला हाताचे ठसे आणि दमट कागद यांनी डाग पडतात. समई आधी कोरड्या मऊ फडक्याने पुसून, पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळून मगच खोक्यात ठेवावी. वर्तमानपत्राच्या कागदाची शाई धातूला लागते. चिकटपट्टी थेट धातूवर लावली तर तिचा चिकट थर मागे राहतो. जड वस्तू खोक्याशिवाय नुसत्या कागदात बांधली तर उचलताना तळ फाटतो. यासाठी पाटीवर “खोके नसलेल्या जड वस्तूला खोक्याचे वेगळे शुल्क” हे एक वाक्य असावे. ते वाक्य नसेल तर तो खर्च दुकानदाराच्या खिशातून जातो, किंवा ग्राहकाला बिलावर अचानक दिसतो.

किमतीच्या पट्टीविषयी हमखास गैरसमज होतो. “किंमत काढून द्या,” असे जवळजवळ प्रत्येक ग्राहक म्हणतो. दुकानाने स्वतः चिकटवलेली पट्टी काढता येते. पण उत्पादकाने वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत खोडण्याची वा पुसण्याची मुभा वजनमापविषयक नियम विक्रेत्याला देत नाहीत. म्हणून मजकुरात “आमची किंमतपट्टी काढून देऊ, बिल वेगळ्या पाकिटात देऊ” एवढेच आश्वासन द्यावे. “किंमत कुठेही दिसणार नाही” असे लिहू नये.

शुल्काची वस्तू ग्राहकाच्या गळी कशी उतरवली जाते, याकडे आता कायद्याचेही लक्ष आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील दोन प्रकार या विषयाला थेट लागू पडतात. पहिला ‘बास्केट स्नीकिंग’, म्हणजे ग्राहकाने न मागितलेली वस्तू त्याच्या खरेदीत गुपचूप सरकवणे. दुकानाच्या ऑनलाइन मागणीपत्रात संदेशपत्राच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे हे त्याच जातीचे. दुसरा ‘कन्फर्म शेमिंग’, म्हणजे लाजवून होकार मिळवणे. “होय, सजवून द्या” या पर्यायासमोर “नको, बहिणीसाठी एवढे कशाला” असे लिहिणे हे त्याचे उदाहरण. नकाराचा पर्याय साधा हवा, “नको, तसेच द्या.” ही तत्त्वे प्रामुख्याने ऑनलाइन व्यवहारांसाठी आहेत. पण गल्ल्यावर बसणाऱ्यानेही तोच प्रश्न आधी विचारावा, उत्तर मिळाल्यावरच रक्कम बिलात घालावी.

संदेशपत्राची मर्यादा सांगताना मराठीची एक खास अडचण येते. ऑनलाइन मागणीपत्रांत “१०० अक्षरे” अशी मर्यादा घातलेली असते. ‘शुभेच्छा’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण संगणक त्यातील प्रत्येक व्यंजन, मात्रा आणि हलन्त वेगळा मोजून आठ धरतो. परिणामी ग्राहकाचा संदेश मध्येच तुटतो आणि चूक कोणाची, हे कोणालाच समजत नाही. म्हणून मर्यादा शब्दांत सांगावी. तळहाताएवढ्या पत्रावर वाचनीय हस्ताक्षरात आठेक ओळी, प्रत्येकी चार शब्द बसतात. पत्राखालच्या नावासाठी थोडी जागा सोडून “३० शब्दांपर्यंत” असे लिहिले तर ते खरे ठरते.

शब्द सुचत नसलेल्या ग्राहकासमोर तयार ओळींची यादी ठेवण्यापेक्षा त्याला दोन प्रश्न विचारणे अधिक उपयोगी. ही वस्तू कशासाठी देत आहात? आणि यंदा त्यांना काय सांगायचे राहिले आहे? समजा, पुण्यात नोकरी करणारा भाऊ तुमसरच्या बहिणीसाठी दूरध्वनीवरून वरची समई मागवतो. या दोन प्रश्नांची उत्तरे जोडली की पत्र तयार होते, “ताई, आईची समई संध्याकाळी तूच लावायचीस. ही नवी समई तुझ्या घरासाठी. यंदा भाऊबीजेला येता आले नाही. मंडईला नक्की येतो. – तुझा धाकटा.” एकवीस शब्द आहेत. हे पत्र दुसऱ्या कोणाच्या खोक्यावर चालणार नाही.

तयार छापील पत्रांत मात्र एक मोठा धोका असतो. “श्री. व सौ.” असे छापलेले पत्र पती निवर्तलेल्या स्त्रीच्या हाती पडते. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे, तिथे दिवाळी साजरी होत नाही. अशा घरी दिव्यांची आरास आणि “आनंदाची उधळण” असलेले पत्र पोहोचले, तर पाठवणाऱ्याचा सद्भाव बाजूला राहतो आणि जखम तेवढी उघडी पडते. म्हणून चित्र नसलेले, कोरे, पांढरे पत्र दुकानात हवेच, आणि पाटीवर त्याचा उल्लेख हवा. ग्राहकाला कारण विचारायचे नाही. “साधे पत्रही मिळेल” एवढे तीन शब्द पुरतात.

जैन कुटुंबांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यांच्याकडे दिवाळी हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस असतो. म्हणून “निर्वाण कल्याणकाच्या शुभेच्छा” असे शब्द असलेले पत्रही उपलब्ध असावे. मात्र तीर्थंकरांचे चित्र किंवा णमोकार मंत्र वेष्टनाच्या कागदावर नसावा. तो कागद फाडला जाणार, पायदळी येणार, आणि आदरापोटी केलेल्या गोष्टीतून अविनय घडणार. तसेच भंडारा जिल्ह्याच्या टसर रेशमी वस्त्राची भेट सुचवण्यापूर्वी विचारावे. रेशमासाठी कोशातील जिवाची हत्या होते, म्हणून अनेक जैन घरांत ते वर्ज्य असते.

शेवटचा भाग वेळेचा. एका खोक्याला सात मिनिटे धरली तर एक माणूस तासाला आठ खोकी बांधतो. हाताने पत्र लिहायचे तर आणखी चार मिनिटे जातात आणि तासाला पाचच होतात. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी पाच ते नऊ या चार तासांत एका माणसाकडून वीस-एकवीसच पत्रांसह खोकी होतील. हा हिशेब न करता “तत्काळ सेवा” लिहिले, की सातनंतर रांग लागते आणि घाईत दोन खोक्यांची पत्रे अदलाबदल होतात. उपाय सोपा आहे. खोक्याच्या तळाला आणि पत्राच्या पाकिटाला एकच क्रमांक लावायचा, आणि पाकीट बंद करण्यापूर्वी नाव व संदेश ग्राहकाला वाचून दाखवायचा. दूरध्वनीवरील मागणीत तर हे टाळताच कामा नये. ऐकून लिहिलेल्या नावात चूक सहज होते.

हे सारे ध्यानात घेतले तर पाटी अशी होते. दर अर्थात प्रत्येक दुकानाने आपल्या खर्चावरून ठरवावेत:

“भेट बांधून हवी? या नमुन्याएवढे खोके ४० रुपये, त्याहून मोठे ७० रुपये. खोके नसलेल्या जड वस्तूला खोक्याचे वेगळे शुल्क. हाताने लिहिलेले संदेशपत्र २० रुपये, ३० शब्दांपर्यंत. साधे पत्रही मिळेल. आमची किंमतपट्टी काढून देऊ, बिल वेगळ्या पाकिटात देऊ. संध्याकाळी पाचपर्यंत सांगितल्यास त्याच दिवशी मिळेल, नंतर सांगितल्यास दुसऱ्या दिवशी दुपारी. नको असल्यास तसेच देऊ.”

या पाटीत ‘आकर्षक’ हा शब्द नाही आणि ‘अत्यल्प’ही नाही. पण ती वाचून झाल्यावर ग्राहकाला विचारण्यासारखे फारसे उरत नाही, आणि तिच्यातला प्रत्येक शब्द गल्ल्यामागच्या माणसाला पाळता येतो.