३६६व्या दिवशी अडकलेले घड्याळ

३१ डिसेंबर २००८. मायक्रोसॉफ्टच्या ‘झून’ या खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरचे ३० जीबीचे मॉडेल ज्यांच्याकडे होते, त्यांना त्या दिवशी गाणी ऐकता आली नाहीत. यंत्र सुरू केले की पडद्यावर सुरुवातीचे चित्र उमटायचे आणि तिथेच थांबायचे. एकाच दिवशी, एकाच मॉडेलची यंत्रे अशी गोठली होती. सगळ्यांच्या आत तारीख काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या त्याच मोजक्या ओळी होत्या.

झूनमधले घड्याळ १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस धरून नुसते दिवस मोजत असे. ३१ डिसेंबर २००८ हा त्याच्या हिशेबात १०,५९३वा दिवस. एवढ्या आकड्यावरून आज कोणते वर्ष चालू आहे, हे कसे काढायचे? कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस १९८०पासून एकेक वर्षाचे दिवस वजा करत जाईल. साधे वर्ष असेल तर ३६५, लीप वर्ष असेल तर ३६६. प्रोग्रॅमही तेच करत होता. पायथन भाषेत त्या ओळी साधारण अशा दिसतील:

```python
year = 1980
while days > 365:
    if is_leap(year):
        if days > 366:
            days = days - 366
            year = year + 1
    else:
        days = days - 365
        year = year + 1
```

यातला `while` म्हणजे मराठीतले ‘जोपर्यंत… तोपर्यंत’. उरलेले दिवस ३६५पेक्षा जास्त आहेत तोपर्यंत खालच्या ओळी पुन्हा पुन्हा करत राहायच्या. या फेऱ्यांना लूप म्हणतात. `if` म्हणजे ‘जर’ आणि `else` म्हणजे ‘नाहीतर’. जर वर्ष लीप असेल तर एक काम, नाहीतर दुसरे. कोणती ओळ कोणाच्या हाताखाली आहे, हे तिच्या आधी सोडलेल्या जागेवरून कळते.

`year = year + 1` ही ओळ नवख्याला चक्रावते, कारण शाळेच्या गणितात ती चूकच ठरेल. इथे `=` चा अर्थ ‘उजवीकडचा हिशेब करून उत्तर डावीकडच्या नावाने ठेव’ असा आहे. वर्ष १९८० असेल तर या ओळीनंतर ते १९८१ होते. `is_leap` हा वेगळा लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. तो वर्ष लीप आहे की नाही एवढेच सांगतो.

आता १०,५९३ घेऊन चालू. पहिल्या फेरीत १९८० हे लीप वर्ष, म्हणून ३६६ वजा होतात आणि १०,२२७ उरतात. मग १९८१चे ३६५ जातात. अशा २८ फेऱ्या झाल्या की वर्ष २००८ येते आणि हातात बरोबर ३६६ दिवस उरतात.

इथे घोटाळा होतो. ३६६ हे ३६५पेक्षा जास्त, म्हणून लूप आणखी एक फेरी सुरू करतो. २००८ लीप आहे का? आहे. दिवस ३६६पेक्षा जास्त आहेत का? नाहीत, नेमके तेवढेच आहेत. मग काय करायचे, हे कोणी लिहिलेलेच नाही. दिवस कमी होत नाहीत, वर्ष पुढे सरकत नाही. प्रोग्रॅम पुन्हा वर जातो, तेच प्रश्न विचारतो, त्याला तीच उत्तरे मिळतात. न संपणारा लूप म्हणतात तो हाच.

आदल्या दिवशी हातात ३६५ उरत होते, त्यामुळे लूप नीट संपत होता. दुसऱ्या दिवशी ३६७ उरणार होते. त्यातून ३६६ वजा होऊन २००९चा पहिला दिवस मिळणार होता. चूक फक्त लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशी उघडी पडत होती, आणि २००६च्या अखेरीस बाजारात आलेल्या झूनच्या वाट्याला आलेले ते पहिलेच लीप वर्ष होते.

दुरुस्तीला दोन ओळी पुरतात. आतल्या `if` ला त्याचे ‘नाहीतर’ द्यायचे:

```python
        else:
            break
```

`break` म्हणजे लूपमधून बाहेर पड. मग वर्ष २००८ आणि दिवस ३६६ हे बरोबर उत्तर हाती राहते.

लूप अडकला आहे हे ओळखायचे असेल, तर त्याच्या आत सुरुवातीलाच `print(year, days)` ही ओळ घालावी. प्रत्येक फेरीला दोन्ही आकडे पडद्यावर येतात. मूळ कोडमध्ये आधी वेगवेगळे आकडे झरझर सरकतात आणि मग `2008 366` हीच ओळ येत राहते. अशा वेळी `Ctrl` दाबून धरून `C` दाबले की पायथन थांबतो.

झूनला अशी कळ नव्हती. बॅटरी पूर्ण संपू द्या आणि १ जानेवारीच्या दुपारनंतर यंत्र पुन्हा सुरू करा, असा सल्ला मायक्रोसॉफ्टने दिला. तोवर घड्याळातला आकडा १०,५९४ झाला होता, आणि त्याच ओळी पुन्हा बिनतक्रार चालू लागल्या.