बारा ग्लास नेग्रोनी, एक बाटली

नेग्रोनीची कृती सोपी आहे: जिन, कँपारी आणि गोड व्हर्मूथ, प्रत्येकी ३० मिली. बारा जणांसाठी प्रत्येकी ३६० मिली घेतलं की १,०८० मिली मिश्रण तयार होतं. गुणाकार बरोबर आहे, तरी हे पेय थंड करून थेट ओतलं तर घशाला जाळतं आणि कडू, चिकट लागतं.

कारण कृतीत न लिहिलेला चौथा घटक राहून गेला. बारमध्ये हे मिश्रण बर्फावर ढवळतात, तेव्हा पेय गार होता होता बर्फ वितळतो आणि साधारण पाव पट पाणी त्यात मिसळतं. बाटलीत हे पाणी मोजून घालावं लागतं: १,०८० मिलीला २७० मिली, शक्यतो गाळलेलं.

ग्लासात बर्फ घालून देणार असाल तर दीडशे मिलीच पुरे. उरलेलं काम बर्फ करतो.

आता गारवा. बर्फावर ढवळलेलं पेय शून्याच्याही खाली जातं, फ्रिज मात्र ४ अंशांवर थांबतो. म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली पाहुणे येण्याआधी तास-दीड तास फ्रीझरमध्ये हलवावी. तिथेच विसरू नये. पाणी घातल्यावर मद्यार्क सुमारे २२ टक्क्यांवर येतो, आणि उणे १८ अंशांत अशा पेयात बर्फाचे कण धरतात. बाटली तिरकी केल्यावर ते दिसले, तर ती फ्रिजमध्ये ठेवून कण विरघळू द्यावेत. तोवर ओतलं तर पाणी बर्फात अडकून राहतं आणि ग्लासात येतं ते जास्त कडक.

लिंबू असलेल्या पेयांना ही आगाऊ तयारी मानवत नाही. रस त्याच दिवशी पिळावा, शेवटी मिसळावा.